आधी घड्याळ, मग कोड

‘हा प्रोग्राम फार हळू चालतो, जरा फास्ट करून द्या.’ एवढी एक ओळ आणि सोबत जोडलेली फाइल. प्रोग्रामिंग येणाऱ्या माणसाकडे अशी विनंती अधूनमधून येतच असते. फाइल उघडली की कोड दिसतो. तो किती नोंदींवर चालतो, आज किती वेळ घेतो आणि किती वेळात झाला तर भागेल, यातलं काही मात्र दिसत नाही. फोनवर ‘ताप आलाय, औषध सांगा’ म्हणणाऱ्याला डॉक्टर आधी ‘किती आहे आणि कधीपासून?’ असं विचारतात. कोडच्या बाबतीत हा प्रश्न पुष्कळदा राहून जातो. फाइल हाती पडताच लोक ओळी बदलायला बसतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, एक संस्था गावोगावी नेत्रतपासणी शिबिरं घेते. प्रत्येक गावातून रुग्णांची यादी येते आणि सगळ्या याद्या एकत्र केल्या की काही नावं दोनदा-तीनदा आलेली असतात. ही दुबार नावं गाळून शस्त्रक्रियेची अंतिम यादी तयार करायला तिथल्या एका कार्यकर्त्याने पायथन भाषेत छोटासा प्रोग्राम लिहिला आहे. त्याचा गाभा असा:

```python
seen = []
unique = []
for row in rows:
    if row["reg_no"] not in seen:
        seen.append(row["reg_no"])
        unique.append(row)
```

यात काय चाललं आहे ते समजायला प्रोग्रामर असण्याची गरज नाही. एकेक नोंद घ्यायची, तिचा नोंदणी क्रमांक आधी पाहिलेल्या क्रमांकांच्या यादीत आहे का ते बघायचं, नसेल तर तो यादीत लिहायचा आणि रुग्णाला अंतिम यादीत घ्यायचं. मेख आहे ती ‘यादीत आहे का ते बघायचं’ या पायरीत. संगणक ही यादी पहिल्या क्रमांकापासून वाचत जातो. क्रमांक नवा असेल तर शेवटपर्यंत वाचल्याशिवाय त्याला ते कळत नाही. आणि यादी तर दर नव्या रुग्णागणिक वाढत असते.

सगळे रुग्ण वेगवेगळे आहेत असं धरलं, तर १,००० नोंदींसाठी साधारण ५ लाख तुलना होतात. १०,००० नोंदींसाठी ५ कोटी. १ लाखासाठी ५०० कोटी. नोंदी दहापट झाल्या की काम शंभरपट होतं. संगणक सेकंदाला २ कोटी तुलना करतो असं ढोबळपणे धरू, म्हणजे हिशेब सोपा होईल. १,००० नोंदींचं काम डोळ्याची पापणी लवायच्या आत उरकतं. १०,००० नोंदींना अडीच सेकंद लागतात. १ लाखाला चार मिनिटांहून थोडा जास्त वेळ आणि १० लाखांना जवळजवळ सात तास.

कोड तोच, पण हजार नोंदीवाल्याला त्यात काही करायची गरज नाही. लाखवाल्याने थोडी दुरुस्ती करावी, म्हणजे रोजची चार मिनिटं वाचतील. दहा लाखवाल्याचा प्रोग्राम रात्री दोनला सुरू झाला, तर सकाळी आठला रुग्ण दारात उभे असतील आणि यादी तयार नसेल. या तिघांकडूनही आलेली फाइल अक्षरशः एकसारखी असेल. ‘किती नोंदी?’ हे विचारल्याशिवाय आपल्यासमोर यातला कोण बसला आहे, हे कोड वाचून सांगता येत नाही.

या प्रश्नाला आणखी एक पदर आहे आणि तो अनुभवी माणसांच्याही नजरेतून निसटतो. नुसत्या नोंदी किती हे पुरत नाही, त्यातल्या वेगळ्या किती तेही लागतं. १ लाख नोंदी आहेत, पण त्या पुन्हापुन्हा येणाऱ्या ५०० रुग्णांच्याच आहेत असं असेल, तर पाहिलेल्या क्रमांकांची यादी ५०० च्या पुढे कधी जातच नाही. मग हाच ‘हळू’ प्रोग्राम सेकंद-दीड सेकंदात मोकळा होतो. रुग्णांची खरी यादी बाहेर देता येत नाही म्हणून कोणी हजार नोंदींचा नमुना घेतो, तोच शंभर वेळा खाली चिकटवतो आणि १ लाखांची चाचणी झाली असं मानतो. या चाचणीत प्रोग्राम झकास पळतो आणि प्रत्यक्ष शिबिराच्या यादीवर बसकण मारतो. नमुना बनवायचाच असेल तर खोटी नावं चालतील, पण दुबार नोंदींचं प्रमाण खऱ्या यादीसारखंच हवं.

कोड पाठवणाऱ्याला आकडा नेमका सांगता येत नसेल, तरी एक साधी तपासणी बरंच सांगून जाते. खऱ्या यादीतल्या पहिल्या ५,००० नोंदी घ्याव्यात आणि प्रोग्रामला किती वेळ लागतो ते लिहून ठेवावं. मग १०,००० घ्याव्यात, मग २०,०००, मग ४०,०००. दर वेळी नोंदी दुप्पट झाल्यावर वेळही साधारण दुप्पट होत असेल, तर काम नोंदींच्या प्रमाणात वाढतं आहे आणि घाबरण्याचं कारण नाही. वेळ चौपट होत असेल, तर कुठेतरी प्रत्येक नोंद बाकीच्या सगळ्या नोंदींशी ताडून पाहिली जाते आहे. वरच्या प्रोग्रामला आपल्या ढोबळ हिशेबाने ०.६, २.५, १० आणि ४० सेकंद लागतील. हे चार आकडे कागदावर एकाखाली एक लिहिले, तर कोड न वाचताही दुखणं कोणत्या जातीचं आहे ते कळतं. पुढच्या वर्षी यादी अडीचपट झाली तर काय होईल, हेही सांगता येतं.

फक्त सुरुवात फार लहान आकड्यापासून करू नये. शंभर नोंदींवर मोजलेल्या वेळात खऱ्या कामाचा वाटा नगण्य असतो. पायथन सुरू होणं, लागणाऱ्या लायब्ररी उघडणं, फाइल वाचायला घेणं यांतच तो वेळ गेलेला असतो. १०० आणि २०० नोंदींना सारखाच वेळ लागला म्हणून कोणी निश्चिंत होत असेल, तर तो प्रोग्रामचं बूट घालणं मोजतो आहे, चालणं नव्हे.

ही सगळी चर्चा संगणक सारा वेळ काम करतो आहे असं धरून झाली. पण तो काम करत नसून नुसता थांबला असेल तर? समजा, त्याच कार्यकर्त्याने प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली आहे: प्रत्येक रुग्णाचा जुना केसपेपर क्रमांक रुग्णालयाच्या सर्व्हरकडून मागवायचा. एका विचारणेचं उत्तर यायला ३० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाचा जेमतेम तेहतिसावा भाग. माणसाला जाणवणारही नाही एवढा हा वेळ. पण १०,००० रुग्णांसाठी एकामागून एक १०,००० विचारणा झाल्या की ३०० सेकंद होतात, म्हणजे पाच मिनिटं. ती पाच मिनिटं संगणकाचा प्रोसेसर हातावर हात धरून बसलेला असतो. वरचा लूप कितीही सुधारला, तरी या पाच मिनिटांतलं एक मिनिटही वाचणार नाही. उपाय तिसरीकडेच आहे: पाचशे-पाचशे रुग्णांचे क्रमांक एकदम मागवायचे, म्हणजे दहा हजारांऐवजी वीस विचारणा होतात.

काम आणि थांबणं यातला फरक ओळखायला लिनक्स किंवा मॅकवर एका शब्दाचा खर्च आहे. प्रोग्राम नेहमीसारखा सुरू करताना आधी `time` लिहायचं. प्रोग्राम संपला की बॅश शेलमध्ये खाली तीन ओळी येतात. साधारण अशा:

```
real    5m12.418s
user    0m6.127s
sys     0m0.803s
```

पहिला आकडा भिंतीवरच्या घड्याळाचा: सुरू केल्यापासून संपेपर्यंत किती वेळ गेला. दुसरा आणि तिसरा मिळून प्रोसेसरने प्रत्यक्ष काम किती केलं ते सांगतात. इथे पाच मिनिटांतले जेमतेम सात सेकंद काम झालं, बाकीचा वेळ वाट पाहण्यात गेला. सर्व्हरची, डिस्कची, दुसऱ्या कुणाची. पहिले दोन आकडे जवळजवळ सारखे आले असते, तर मात्र दोष कोडच्या हिशेबात शोधायला हवा होता. विंडोजवर टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसर, डिस्क आणि नेटवर्कचे आलेख पाहिले तरी एवढा निदानापुरता अंदाज येतो.

हे निव्वळ पाठ्यपुस्तकी वाटू नये म्हणून एक खरी घडलेली गोष्ट. ‘जीटीए ऑनलाइन’ हा खेळ २०१३ मध्ये आला आणि जगभर गाजला. तो सुरू व्हायला मात्र कित्येक मिनिटं लागत आणि खेळणाऱ्यांनी हे नशिबाचा भाग म्हणून स्वीकारलेलं होतं. २०२१ च्या सुरुवातीला टोपणनावाने लिहिणाऱ्या एका प्रोग्रामरने याचा छडा लावला. त्याच्याकडे खेळाचा मूळ कोडसुद्धा नव्हता. त्याच्याकडे होतं घड्याळ.

त्याने आधी वेळ मोजली. त्याच्या जुन्या संगणकावर त्याच खेळाचा एकट्याने खेळायचा भाग १ मिनिट १० सेकंदांत सुरू होई आणि ऑनलाइन भागाला जवळपास ६ मिनिटं लागत. ही तुलनाच मोलाची होती. संगणक जुना आहे म्हणून वेळ लागतो, हे स्पष्टीकरण तिने निकालात काढलं, कारण संगणक दोन्ही वेळा तोच होता. मग त्याने टास्क मॅनेजर उघडला. पहिलं मिनिट दोन्हीकडे सारखं गेलं. त्यानंतर चारेक मिनिटं प्रोसेसरचा एकच भाग पूर्ण ताकदीने चालू होता आणि डिस्क, नेटवर्क, ग्राफिक कार्ड सगळे स्वस्थ होते. म्हणजे इंटरनेट हळू आहे ही शंकाही मिटली. खेळ कुणाची वाट पाहत नव्हता, तो काहीतरी मोजत बसला होता.

काय मोजतो आहे ते पाहायला त्याने प्रोफायलर लावला. प्रोफायलर म्हणजे चालू प्रोग्रामला थोड्या थोड्या वेळाने ‘आत्ता काय करतोयस?’ असं विचारून उत्तरं लिहून घेणारं साधन. हजारो उत्तरं जमली की वेळ कुठे जातो ते आपोआप दिसतं. इथे दोन ठिकाणं सापडली. खेळात विकत घेता येणाऱ्या वस्तूंची एक मजकूर-फाइल होती, सुमारे १० मेगाबाइटची आणि ६३,००० नोंदींची. ती तुकड्यातुकड्याने वाचणारं फंक्शन प्रत्येक तुकडा उचलताना पुढे उरलेला सगळा मजकूर केवढा आहे ते शेवटपर्यंत नव्याने मोजत असे. जाड पुस्तकातला एक शब्द वाचायचा, मग शेवटच्या पानापर्यंतची सगळी अक्षरं मोजून यायचं आणि मग दुसरा शब्द वाचायचा, असा हा प्रकार.

दुसरं ठिकाण वाचकांना ओळखीचं वाटेल. वाचलेली प्रत्येक वस्तू यादीत घालण्यापूर्वी ती आधीच यादीत आहे का, हे यादी पहिल्यापासून वाचून तपासलं जात होतं. ६३,००० वस्तूंसाठी अशा तपासण्या होतात जवळपास १९८ कोटी. शिबिराच्या यादीतला दोष आणि कोट्यवधींच्या खेळातला दोष एकाच कुळातले. खेळ नवा असताना ही यादी लहान असणार आणि तेव्हा हा कोड कुणाला खटकला नसणार. वस्तू वाढत गेल्या आणि वेळ त्यांच्या वर्गाच्या पटीत वाढत गेला.

दुरुस्तीनंतर त्याने काय मोजलं, तेही पाहण्यासारखं आहे. दोन्ही उपाय त्याने आधी वेगवेगळे लावले. फक्त दुबार-तपासणी बदलली तेव्हा ६ मिनिटांची साडेचार झाली. फक्त वाचनाचा दोष काढला तेव्हा २ मिनिटं ५० सेकंद. दोन्ही मिळून १ मिनिट ५० सेकंद. पहिल्या उपायाने दीड मिनिट वाचलं, दुसऱ्याने ३ मिनिटं १० सेकंद. बेरीज ४ मिनिटं ४० सेकंद होते, पण एकत्रित बचत ४ मिनिटं १० सेकंदच भरली. प्रत्यक्षातली मापं अशीच असतात, वहीतल्या गणितासारखी तंतोतंत जुळत नाहीत. वेगवेगळं मोजल्यामुळे कुठल्या उपायाने किती गुण आला ते मात्र कळलं. दोन औषधं एकदम दिली असती तर ते कळलं नसतं. कंपनीने त्याचं निदान मान्य केलं, मार्च २०२१ मध्ये सुधारणा खेळात आणली आणि त्याला १०,००० डॉलरचं बक्षीस दिलं.

एवढ्या मोठ्या प्रोग्राममध्ये सारा वेळ दोन कोपऱ्यांत जावा, हे नवल नाही. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांनी १९७१ मध्ये फोरट्रान भाषेतल्या प्रत्यक्ष वापरातल्या प्रोग्रामांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रोग्रामच्या चार टक्क्यांहूनही कमी भागात बहुधा निम्म्याहून अधिक वेळ जातो, असं त्यांना आढळलं. याची दुसरी बाजू उपयोगाची आहे. एखाद्या भागात एकूण वेळेच्या ५ टक्केच वेळ जात असेल, तर तो भाग साफ काढून टाकला तरी १०० सेकंदांचे ९५ होतील, त्याहून कमी नाही. वाचायला कुरूप दिसणारा कोड सुधारण्यात दोन दिवस घालवणाऱ्याने आधी त्याचा वाटा पाहावा. पायथनमध्ये त्यासाठी वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही:

```
python3 -m cProfile -s tottime yadi.py
```

कुठल्या फंक्शनने स्वतः किती वेळ खाल्ला, याची उतरत्या क्रमाने यादी मिळते. मात्र या साधनाच्या मर्यादा आहेत. ते फंक्शनचं नाव सांगतं, ओळ सांगत नाही. आपल्या शिबिराच्या प्रोग्राममधली ‘यादीत आहे का’ ही पायरी स्वतंत्र फंक्शन नसल्याने यात तिचं नाव दिसणारच नाही. ती ज्या फंक्शनमध्ये आहे त्याच्या खात्यावर तो वेळ पडेल. शिवाय मोजमाप चालू असताना प्रोग्राम स्वतःच काहीसा मंदावतो. म्हणून एकूण वेळ सांगताना प्रोफायलर बंद करून घेतलेलाच आकडा धरायचा.

तोही एकदाच घेऊन चालत नाही. मोठी फाइल पहिल्यांदा डिस्कवरून वाचली जाते, लगेच दुसऱ्यांदा चालवलं तर ती संगणकाच्या मेमरीत तयारच असते. ‘मी काहीतरी बदललं आणि वेळ अर्धा झाला’ या आनंदामागे कधीकधी एवढंच असतं. लॅपटॉप तापला, चार्जर काढला, मागे अँटिव्हायरस चालू झाला, की आकडे पुन्हा हलतात. बदलाच्या आधी पाच वेळा आणि नंतर पाच वेळा चालवून मधला आकडा घ्यावा. त्या पाच आकड्यांमध्येच १० टक्क्यांचा फरक पडत असेल, तर ५ टक्के सुधारणा झाल्याचा दावा करू नये.

शिबिराच्या प्रोग्रामची दुरुस्ती तशी दोन शब्दांची आहे. पाहिलेले क्रमांक साध्या यादीऐवजी ‘सेट’मध्ये ठेवायचे:

```python
seen = set()
unique = []
for row in rows:
    if row["reg_no"] not in seen:
        seen.add(row["reg_no"])
        unique.append(row)
```

सेट क्रमांकावरून त्याची जागा थेट काढतो, पहिल्यापासून वाचत बसत नाही. नाट्यगृहात तिकिटावरचा आसन क्रमांक पाहून सरळ खुर्चीपाशी जावं तसं. १० लाख नोंदींचा हा भाग सात तासांवरून सेकंद-दोन सेकंदांवर येतो. बदल्यात थोडी जास्त मेमरी लागते आणि १० लाख क्रमांकांसाठी ती आजच्या साध्या लॅपटॉपलाही जड नाही. अंतिम यादी मात्र यादीच ठेवली आहे, ती सेट केलेली नाही. सेटमध्ये क्रम टिकत नाही आणि कोणत्या गावचे रुग्ण आधी बोलवायचे, हे त्या क्रमावर ठरलेलं असू शकतं.

म्हणूनच वेळेसोबत आणखी एक गोष्ट मोजावी लागते: जुन्या आणि नव्या प्रोग्रामची अंतिम यादी तंतोतंत सारखी आहे का? एखादा उत्साही मदतनीस नोंदणी क्रमांकाऐवजी मोबाइल क्रमांकावरून दुबार नावं शोधायला लागतो, कारण तो रकाना त्याला सोयीचा वाटतो. प्रोग्राम तितकाच वेगात चालतो, यादीही सुटसुटीत दिसते. पण गावात कित्येकदा एका घरात एकच फोन असतो. सासू आणि सून दोघींच्याही डोळ्यांत मोतीबिंदू असला, तर यादीत एकीचंच नाव उरतं. म्हणून जुन्या प्रोग्रामने काढलेली यादी पुसण्यापूर्वी जपून ठेवायची, नवी तिच्या शेजारी ठेवायची, दोन्हींतल्या नावांची संख्या पाहायची आणि `diff` चालवायचा. पडद्यावर एकही ओळ उमटली नाही, तर घड्याळाने सांगितलेली बचत हिशेबात धरायला हरकत नाही.